शाई आहे, पण कागद कोराच!

नवा कोरा प्रिंटर म्हणजे प्रिंटर नवा आणि कागद कोरा, असा अर्थ आमच्या हॉस्टेलवर या वर्षी नव्याने कळला. मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल. खोक्यातून प्रिंटर काढला, कार्ट्रिज बसवली, कागद घातला, प्रिंट दिली. आतून सगळे आवाज अगदी बरोबर येतात. चाकं फिरतात, कागद आत ओढला जातो, कार्ट्रिजचा गाडा डावीकडून उजवीकडे धावतो आणि पान बाहेर येतं... जसं आत गेलं होतं तसंच! एररचा दिवा नाही, स्क्रीनवर काही तक्रार नाही. प्रिंटरच्या मते काम फत्ते झालेलं असतं.

मग खोलीत जमलेली तज्ज्ञ मंडळी निदान करायला लागतात. एक म्हणते ड्रायव्हर परत टाक, दुसरी म्हणते केबल खराब आहे, तिसरी तर थेट 'पीस डिफेक्टिव्ह आहे, दुकानात परत दे' असं सांगून मोकळी होते. पण इंकजेट प्रिंटर नवीन असताना पान पूर्ण कोरं येत असेल, तर आधी दोनच गोष्टींवर संशय घ्यावा. एक म्हणजे कार्ट्रिजवरची संरक्षक टेप तशीच राहिली आहे. दुसरी म्हणजे शाई बाहेर यायची छिद्रं सुकली आहेत. (नॉझलला पुस्तकी मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही, मी आपलं छिद्रच म्हणते.) या दोन्हीत फरक कसा ओळखायचा आणि कुठे थांबायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. फरक ओळखता आला नाही तर हजाराच्या आसपासचं चांगलं कार्ट्रिज कचऱ्यात जातं, म्हणून हा खटाटोप.

थेंब बाहेर कसा येतो?

आधी थोडं आत डोकावू. घरगुती इंकजेटमध्ये थेंब उडवायच्या दोन पद्धती आहेत. एचपी आणि कॅनॉन उष्णता वापरतात. छिद्राच्या मागे एक इवलासा रेझिस्टर असतो. त्याला काही मायक्रोसेकंदांचा विजेचा ठोका दिला की त्याचा पृष्ठभाग 300 अंश सेल्सिअसच्या वर तापतो. त्याला चिकटलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढची शाई छिद्रातून बाहेर ढकलली जाते. बुडबुडा विरला की मागून नवी शाई त्या जागी येते. कॅनॉनच्या इचिरो एंडो या इंजिनिअरला ही कल्पना 1977 मध्ये सुचली ती अपघातानेच. तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. आपल्या लॅबमध्ये सोल्डरिंग आयर्न लागून फक्त बोटं भाजतात, ते जाऊ द्या!

एप्सनची पद्धत वेगळी आहे. तिथे उष्णता नाही, तर व्होल्टेज दिल्यावर आकार बदलणारा पिझो क्रिस्टल शाईला दाबून बाहेर काढतो.

पद्धत कोणतीही असो, छिद्र माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतं आणि थेंब काही पिकोलिटरचा असतो. थेंब 5 पिकोलिटरचा धरला, तर 1 मिलिलिटर शाईत 20 कोटी थेंब होतात. आता एवढ्या बारीक छिद्रावर प्लॅस्टिकची टेप असेल किंवा सुकलेल्या शाईची बारीकशी साय धरलेली असेल, तर त्या थेंबाची काय बिशाद पलीकडे जायची?

प्रिंटरला का कळत नाही?

खरा घोळ इथे आहे. आपण समजतो की प्रिंटरला शाई उडताना दिसते. तसं नाही. साधा घरगुती इंकजेट याबाबतीत चक्क आंधळा आहे. कार्ट्रिज बसलं आहे का, त्याचे विजेचे संपर्क जुळलेत का, कागद आहे का, गाडा अडकलाय का हे त्याला कळतं. छिद्रामागच्या रेझिस्टरला ठोका पाठवला हेही त्याला माहीत असतं. पण थेंब कागदावर पडला की नाही हे बघायला त्याच्याकडे काहीच नसतं. मोठ्या, महागड्या प्लॉटरमध्ये उडणारा थेंब ओळखणारे सेन्सर असतात. आपल्या टेबलावरच्या प्रिंटरला ती चैन परवडत नाही.

याची एक गंमत पाहा. बरेच प्रिंटर शाई किती उरली हे प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर किती ठोके दिले ते मोजून अंदाज बांधतात. म्हणजे टेप लावलेल्या कार्ट्रिजने वीस-पंचवीस पानं 'छापली', तर स्क्रीनवरची शाईची पातळी थोडी खाली येते, आणि कार्ट्रिज मात्र भरलेलं ते भरलेलंच. म्हणून स्क्रीनवर पातळी कमी झाली म्हणजे शाई बाहेर येते आहे, असं समजू नये.

ऑल-इन-वन प्रिंटरला डोळा असतो तो एकाच ठिकाणी, स्कॅनरमध्ये. नवीन कार्ट्रिज बसवल्यावर असे बरेचसे प्रिंटर रेघारेघांचं अलाइनमेंटचं पान छापतात आणि ते काचेवर ठेवून स्कॅन करायला सांगतात. त्या वेळी 'अलाइनमेंट फेल्ड' आलं, तर बऱ्याच जणी ते रद्द करून पुढे जातात. तसं करू नका. ते पान हातात घेऊन बघा. एखाद्या रंगाच्या रेघा त्यावर नसतीलच, तर प्रिंटर पहिल्या दिवशीच आपला आजार सांगतोय.

टेप एक नाही, दोन प्रकारची

एचपीच्या आणि काही कॅनॉन प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये छिद्रं कार्ट्रिजच्याच तळाला असतात. वाहतुकीत शाई सुकू नये, गळू नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते आणि तिला ओढायला गुलाबी किंवा नारिंगी शेपटी असते. शेपटी हळू, सरळ ओढली की पट्टी पूर्ण निघते. घाईत तिरकी ओढली की कधीकधी शेपटी हातात येते आणि पट्टी जागेवरच राहते. रंगीत शेपटी निघाल्यामुळे आपल्याला वाटतं टेप निघाली. ही टेप राहिली तर त्या कार्ट्रिजचा रंग पहिल्या पानापासून अजिबात येत नाही. फिकट नाही, तुटक नाही, शून्य.

दुसरी टेप हवेच्या भोकावरची. काही प्रिंटरमध्ये छिद्रांचा भाग, म्हणजे प्रिंटहेड, वेगळा असतो आणि आपण फक्त शाईच्या छोट्या टाक्या बदलतो. अशा टाकीतून शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. घरी तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं आणि मग थांबतं, म्हणून आई दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडते. टाकीचं हवेचं भोक म्हणजे ते दुसरं भोक. कॅनॉनच्या बऱ्याच टाक्यांवर ही वाट इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या खाचेतून जाते आणि तिच्यावर फिल्म असते. ती पूर्ण काढायची असते. एप्सनच्या बऱ्याच कार्ट्रिजवर पिवळी टेप असते, तीही काढायची असते. पण तिथे 'हे काढू नका' असं लिहिलेलं दुसरं लेबलही असतं, त्याला हात लावायचा नाही.

हवेची टेप राहिली तर लक्षण वेगळं दिसतं. पहिलं पान छान येतं, कधी दुसरंही. मग रंग फिकट होत जातो आणि शेवटी पान कोरं येतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा जरा बरं येतं. हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचंही आहे. उष्णतेच्या पद्धतीत शाई हीच रेझिस्टरला थंड ठेवणारी गोष्ट आहे. शाई पोहोचत नसताना ठोके देत राहिलो तर रेझिस्टर जळू शकतो आणि ते छिद्र कायमचं जातं. म्हणून 'अजून दहा पानं देऊन बघू, येईल आपोआप' हा उपाय सगळ्यात महाग पडतो.

आमच्या विंगमधली केस

आता एक खरी केस सांगते. आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या चौघींनी वर्गणी काढून ऑल-इन-वन प्रिंटर घेतला. त्यात एक काळं कार्ट्रिज आणि एक तीन रंगांचं. साठ पानांचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. प्रिंट दिली तर पंचवीस पानं कोरी आली. फक्त मुखपृष्ठावर कॉलेजचं रंगीत बोधचिन्ह उमटलं होतं आणि प्रोजेक्टचं नाव गायब!

चौघी ड्रायव्हरच्या मागे लागल्या होत्या. योगायोगाने लॅबमधले काका हॉस्टेलच्या ऑफिसात काही कामाला आले होते, त्यांना वॉर्डन मॅडमनी बोलावलं. काकांनी ते मुखपृष्ठ बघितलं आणि एवढंच विचारलं, "अगं, चिन्ह आलंय ना? मग कॉम्प्युटर कशाला उघडून बसलात?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. रंग येतोय म्हणजे केबल, ड्रायव्हर, फाइल सगळं ठीक आहे. अडचण फक्त काळ्यात आहे. खात्रीसाठी त्यांनी प्रिंटर कॉम्प्युटरपासून वेगळा केला. काचेवर पुस्तकाचं पान ठेवून काळ्याची कॉपी काढली, ती कोरी. मग बिस्किटाचा रंगीत पुडा ठेवून रंगीत कॉपी काढली, ती आली. दोन मिनिटांत अर्धी यादी बाद.

मग झाकण उघडून गाडा मध्यभागी येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली आणि काळं कार्ट्रिज बाहेर काढलं. तळ सरळ बघितला तर काही दिसत नव्हतं. ट्यूबलाइटखाली तिरका धरला तेव्हा छिद्रांच्या पट्टीवर प्लॅस्टिक चमकलं आणि एका टोकाला शेपटी फाटल्याची कड दिसली. ती कड चिमट्यात धरून काकांनी पट्टी हळूच सोलून काढली. दुमडलेला टिश्यू पेपर छिद्रांवर क्षणभर टेकवला तर त्यावर काळी ठसठशीत रेघ उमटली. कार्ट्रिज परत 'टक्' आवाज येईपर्यंत बसवलं, अलाइनमेंट केलं आणि रिपोर्ट रात्री अकराला छापून झाला. पट्टीच्या मागे शाई होती म्हणूनच बहुधा पंचवीस पानं ठोके खाऊनही छिद्रं वाचली.

इथे एक सावधगिरी सांगते. कार्ट्रिजवर तांब्याच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची एक पट्टी असते. ती टेप नाही! ते विजेचे संपर्क आहेत. टेप काढायच्या उत्साहात ती सोलली की कार्ट्रिज संपलंच. आणि एकदा काढलेली टेप 'नंतर वापरू' म्हणून परत चिकटवू नका. त्याने रंग एकमेकांत मिसळतात आणि छिद्रं बंद होतात.

सुकलेली छिद्रं

त्याच प्रिंटरचा दुसरा अंक दिवाळीनंतर झाला. सुट्टीला निघायच्या दिवशी छापता छापता लाइट गेली. गाडा मध्येच थांबला. कोणीतरी बोर्डावरचं बटण बंद केलं आणि सगळ्या गावाला गेल्या. पंधरा दिवसांनी आल्यावर काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा आणि रंगांत पिवळा जवळजवळ नाहीच.

का ते बघा. प्रिंटरच्या एका कोपऱ्यात रबराची टोपी असते. प्रिंटरच्याच बटणाने तो बंद केला की गाडा तिथे जाऊन बसतो आणि छिद्रं टोपीने झाकली जातात. वीज मध्येच तोडली की छिद्रं उघडी राहतात. शाईत बराचसा भाग पाणी असतो, ते छिद्राच्या तोंडाशी उडून जातं, शाई घट्ट होते आणि शेवटी बूच बसतं. टोपण न लावलेल्या जेल पेनचं होतं तेच. अगदी नव्या कार्ट्रिजचंही असं होऊ शकतं. टेप काढून ते टेबलावर दोन-चार दिवस उघडं ठेवलं किंवा दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल गळ्यात मारला गेला, तर छिद्रं पहिल्या दिवशीच सुकलेली असतात. खोक्यावरची तारीख बघून घ्या ती यासाठी.

टेप आणि सुकणं यांतला फरक नॉझल चेकच्या पानावर स्पष्ट दिसतो. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनन्सखाली हे पान असतं. एक अख्खा रंग सुरीने कापल्यासारखा गायब असेल, तर टेप, संपर्क किंवा शाई न पोहोचणं यांपैकी काहीतरी आहे. पानावर रेघा आहेत पण मध्ये मध्ये तुटलेल्या आहेत, तर काही छिद्रं सुकली आहेत. कारण सगळी छिद्रं बहुधा एकदम सारखी सुकत नाहीत. अर्थात फारच जुनं कार्ट्रिज असेल तर सगळी सुकून पान पूर्ण कोरं येऊ शकतं. तेव्हा टेप नाही याची डोळ्यांनी खात्री करून टिश्यूची परीक्षा घ्यायची.

टिश्यूची परीक्षा अशी. टिश्यूची घडी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, ओलीचिंब नको. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला गॅरेजमध्ये मिळतं. नळाचं नको, त्यातले क्षार छिद्रातच बसतात. कार्ट्रिजचा तळ घडीवर मिनिटभर टेकवून उचला. काळ्याची एक सलग रेघ आणि रंगीतच्या निळा, किरमिजी, पिवळा अशा तीन रेघा उमटायला हव्यात. सलग रेघ उमटली आणि तरी कागद कोरा येत असेल, तर शाईची वाट मोकळी आहे. मग दोष संपर्कांत किंवा कार्ट्रिज नीट न बसण्यात शोधा. रेघ उमटलीच नाही, तर बूच आहे किंवा शाई संपली आहे. छिद्रांना टाचणी लावायची नाही आणि ती खसाखसा पुसायचीही नाहीत. संपर्क ओले झाले असतील तर पूर्ण वाळल्याशिवाय कार्ट्रिज बसवू नका.

यानंतर सॉफ्टवेअरमधलं हेड क्लीनिंग. दिवाळीनंतरच्या केसमध्ये पहिल्या दोन क्लीनिंगनंतर काळा निम्मा सुधारला. मग टिश्यूची घडी करून कार्ट्रिज परत बसवलं आणि प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद करून रात्रभर ठेवला. रात्रीत टोपीखालच्या ओलाव्याने बूच मऊ होतं. सकाळच्या तिसऱ्या क्लीनिंगनंतर काळा पूर्ण आला, पिवळा आला. किरमिजीच्या दोन रेघा मात्र तुटक राहिल्या त्या राहिल्याच. रिपोर्टच्या आलेखांना तेवढं चालतं, फोटोला चालणार नाही.

लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग केलं असतं तर त्या दोन रेघा आल्या असत्या का? नाही. क्लीनिंग म्हणजे मोकळ्या छिद्रांतून भरपूर शाई बाहेर काढणं. ती शाई आतल्या स्पंजमध्ये जाते आणि तो स्पंज भरला की त्याचाही खर्च वेगळा. म्हणून तीन वेळा, मग रात्रभर विश्रांती, मग अजून एकदा. तरी फरक नसेल तर छिद्रांचा नाद सोडायचा.

ज्यांचं हेड काढता येत नाही

कार्ट्रिजमध्येच छिद्रं असतील तर शेवटचा उपाय सोपा आहे, कार्ट्रिज बदललं की छिद्रंही नवीन येतात. एप्सनसारख्या प्रिंटरमध्ये हेड प्रिंटरमध्येच पक्कं बसवलेलं असतं. तिथे नवीन शाई घालून सुकलेलं छिद्र उघडत नाही, आणि हेड बदलायचं तर नवा प्रिंटर घेतलेला परवडतो.

आता हॉस्टेलवर दिसणाऱ्या इंक टँक प्रिंटरमध्ये शाई बाटलीने भरतात. त्यात पहिल्या वेळी लांब नळ्यांतून शाई हेडपर्यंत यायला बरीच मिनिटं लागतात. त्या वेळात कोणी प्लग काढला तर नळीत हवा राहते आणि पान कोरं येतं. दिसायला सुकलेल्या छिद्रांसारखंच दिसतं, पण इथे बूच नसतं, शाई पोहोचलेलीच नसते. मॅन्युअलप्रमाणे शाई भरायची क्रिया पूर्ण होऊ द्यायची, तेवढंच.

तेव्हा नवा प्रिंटर कोरं पान देत असेल तर तो दुकानात परत न्यायच्या आधी तीन गोष्टी याच क्रमाने करा. कॉम्प्युटर बाजूला ठेवून कॉपी काढा. कार्ट्रिज काढून तळ उजेडात तिरका धरून बघा. टिश्यूवर रेघ उमटते का ते बघा. तिन्ही करूनही कोरंच आलं, तर बिल घेऊन खुशाल दुकानात जा. आणि रात्री झोपताना प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, गाडा कोपऱ्यात जाऊन आवाज थांबू द्या, मगच बोर्डावरचं बटण दाबा.